गुरू सप्तमात येऊन गेला, तरी लग्न का जमलं नाही?

*ताई, नमस्कार. माझं कन्या लग्न, कर्क रास, आश्लेषा नक्षत्र. सप्तमात मीनेचा शनी, पंचमात मकरेचा गुरू (21 अंश), चतुर्थात धनूचे शुक्र आणि मंगळ, बाराव्यात सिंहेचा राहू. वय 28. 2021 पर्यंत मी शिकत होते. 2022 मध्ये गुरू सप्तमात आला तेव्हा सगळ्यांनी ‘यंदा नक्की’ म्हटलं. ऑक्टोबरात साखरपुडा झाला आणि 2023 च्या फेब्रुवारीत मोडला. 2024 मध्येही एकांनी तसंच सांगितलं, तेव्हा तर काहीच घडलं नाही. आता एक ॲप शुक्राच्या महादशेत गुरूची अंतर्दशा डिसेंबर 2025 पासून दाखवतं आणि दुसरं फेब्रुवारी 2024 पासून. आमचे गुरुजी म्हणतात, 2026 मध्ये गुरुबळ नाही. मी नक्की काय धरून चालू?*
*– एक वाचक*

आधी त्या दोन ॲपचा घोळ सोडवू. दशेची तारीखच डळमळीत असेल तर पुढचं सगळं वाऱ्यावर जातं.

दोन्ही ॲपनी तुझा जन्मवेळ तोच घेतला असणार, फरक अयनांशांचा आहे, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्या अंशांचा. बहुतेक पंचांगं लाहिरी, म्हणजे चित्रापक्षीय अयनांश वापरतात. काही सॉफ्टवेअरमध्ये रामन अयनांश निवडलेले असतात आणि या दोहोंत साधारण दीड अंशाचं अंतर पडतं. राशींच्या पातळीवर ते सहसा जाणवत नाही. दशा मात्र चंद्राच्या नक्षत्रातल्या अंशांवरून मोजली जाते. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, आणि आश्लेषेचा स्वामी बुध असल्यामुळे तेवढ्यात तुझी बुधाची 17 वर्षं बसवलेली. मग दीड अंश म्हणजे पावणेदोन-दोन वर्षं झाली. तुझ्या दोन तारखांमध्ये नेमका तेवढाच फरक आहे.

यातली कोणती तारीख घ्यायची, ते तुझ्या आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टी सांगतात. लाहिरीप्रमाणे तुझी शुक्राची महादशा ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू झाली. त्यात मंगळाची अंतर्दशा ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2022 अशी चालली आणि डिसेंबर 2022 मध्ये राहूची लागली. म्हणजे साखरपुडा मंगळात झाला आणि राहू लागल्यावर दोन महिन्यांत मोडला. रामन अयनांशांनी पाहिलं तर राहूची अंतर्दशा 2021 च्या सुरुवातीलाच लागते आणि 2024 पर्यंत सरळ चालते. जमणं आणि मोडणं दोन्ही तिच्या पोटात येतं, मध्ये कुठे वळण दिसत नाही. माझा कौल लाहिरीला आहे. पण एका घटनेवर भिस्त ठेवू नकोस. पहिली नोकरी, घर बदलणं, घरातलं मोठं आजारपण अशा दोन-तीन पक्क्या तारखा काढ आणि त्या अंतर्दशेच्या सांध्यांशी ताडून बघ. जन्मवेळही एकदा रुग्णालयाच्या नोंदीवरून तपास. वेळेत 10 मिनिटांची चूक असेल तर तुझ्या पत्रिकेत दशेच्या तारखा सुमारे दीड महिन्याने सरकतात.

आता गुरूचं. गोचर गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो आणि बसल्या जागेवरून पाचव्या, सातव्या आणि नवव्या राशीला पाहतो. तुझं सप्तमस्थान मीन. तिथे गुरू प्रत्यक्ष असतानाच नव्हे, तर कर्केत, कन्येत आणि वृश्चिकेत असतानाही त्याचा सप्तमाशी संबंध येतो. सप्तमाचा स्वामी, म्हणजे तुझा जन्मगुरू, मकरेत आहे. गोचर गुरू मकर, वृषभ, कर्क आणि कन्या या राशींतून त्याच्याशी संबंध जोडतो. दोन्ही याद्या एकत्र केल्या की बारापैकी सहा राशी होतात. म्हणजे दर बारा वर्षांतली सहा वर्षं कोणीही ज्योतिषी तुला ‘यंदा गुरू अनुकूल आहे’ असं सांगू शकेल आणि ते चूकही नसेल. त्यातून काही कळत मात्र नाही. 2024 मध्ये तुला सांगणाऱ्यांनी बहुधा वृषभेतला गुरू तुझ्या सप्तमेशाला पाहतो एवढंच पाहिलं, किंवा दुसऱ्या ॲपच्या तारखेवर विश्वास ठेवला. लाहिरीप्रमाणे तेव्हा राहूची अंतर्दशा चालू होती. तुझा राहू व्ययस्थानात आहे. विवाहासाठी आपण कुटुंबाचं दुसरं, जोडीदाराचं सातवं आणि लाभाचं अकरावं स्थान पाहतो, आणि या तिन्हींशी त्याचं काही देणंघेणं नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी पत्रिकेत विवाहाचा योग कसा आहे ते पाहायचं. मग दशा-अंतर्दशेवरून वर्षांचा टप्पा ठरवायचा आणि त्या टप्प्यापुरतंच गुरूचं गोचर वापरून महिने काढायचे. दशेने वेगळ्या न काढलेल्या वर्षांत गोचर कितीही चांगलं दिसलं तरी मी त्याच्यावर तारीख देत नाही.

तुझ्या पत्रिकेत योग चांगला आहे, आणि हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. सप्तमात शनी आणि सप्तमेश गुरू नीच राशीत, एवढं वाचून लोक मान हलवतात. पण नीट बघ: शनी गुरूच्या मीनेत आहे आणि गुरू शनीच्या मकरेत. पंचमेश आणि सप्तमेशाचा हा अन्योन्य योग झाला. गुरू ज्या राशीत नीच आहे तिचा स्वामी शनी लग्नापासून केंद्रात आहे, म्हणून नीचभंगही होतो. त्यातून 21 अंशांचा मकरेतला गुरू नवमांशात कर्केत जातो, म्हणजे उच्चीचा होतो. सप्तमातला शनी उशीर करतो हे खरं, पण नाकारतो असं या पत्रिकेत म्हणता येत नाही. शिवाय या अन्योन्य योगामुळे शनीसुद्धा सप्तमाची फळं देणारा झाला. पुढे महिने काढताना हे उपयोगी पडणार आहे.

शुक्र तर विवाहाचा कारकच, आणि कन्या लग्नाला तो दुसऱ्या स्थानाचा स्वामीही होतो. त्याची महादशा 2035 पर्यंत आहे. म्हणजे महादशेचा अडसर नाही, प्रश्न अंतर्दशेचा आहे. आता मागचं वर्षवार बघू, कारण 2022 चं कोडं सुटल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

गुरूच्या जोडीला शनीचं गोचरही पाहावं, असं मला अनुभवाने पटलं आहे. सप्तमस्थान किंवा सप्तमेश यांच्यावर गुरू आणि शनी या दोघांचाही प्रभाव एकाच वेळी पडत असेल तर घटना घडायला बळ मिळतं. के. एन. राव यांनी ही दुहेरी गोचराची पद्धत पुष्कळ प्रचारात आणली. शनी बसल्या राशीपासून तिसरी, सातवी आणि दहावी रास पाहतो.

2022 च्या एप्रिलात गुरू तुझ्या सप्तमात आला. शनी त्या वर्षी थोडे दिवस कुंभेत जाऊन जुलैत मकरेत परतला आणि तिथून त्याची तिसरी दृष्टी मीनेवर होती. त्यात मंगळाची अंतर्दशा, आणि तुझा मंगळ चौथ्या दृष्टीने सप्तमाला पाहतो. सगळं जुळून आलं, म्हणून ऑक्टोबरात साखरपुडा झाला. पण मंगळ कन्या लग्नाला अष्टमेशही असतो. त्याने आणलेली गोष्ट टिकेल का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. डिसेंबरात अंतर्दशा राहूची झाली. 17 जानेवारी 2023 ला शनी कुंभेत गेला आणि त्याची मीनेवरची दृष्टी सुटली. गुरू एप्रिलपर्यंत सप्तमातच होता, तरी एकट्याने तो काही सांभाळू शकला नाही. ‘गुरू सप्तमात असताना मोडलंच कसं’ असं तुझ्या घरी विचारलं जात असेल, तर उत्तर हे आहे. तुझ्यात किंवा त्या मुलात काय कमी होतं, याचं उत्तर मात्र यात शोधू नकोस. ते या गणिताचं काम नाही.

त्याआधीचा एक काळही पाहा. नोव्हेंबर 2020 ते एप्रिल 2021 या महिन्यांत गुरू आणि शनी दोघेही मकरेत, तुझ्या सप्तमेशावर होते आणि अंतर्दशा लाभेश चंद्राची होती. कागदावर तो काळ 2022 पेक्षा स्वच्छ दिसतो. तू तेव्हा शिकत होतीस, लग्नाचा विषयच नव्हता. देश, काल आणि पात्र पाहूनच फळ सांगावं हा नियम इथे लागू होतो. तरी आठवून बघ, त्या काळात कोणाशी मैत्री झाली होती का, किंवा एखादं स्थळ चालून आलं होतं का. काही आठवलं तर दशेच्या तारखांना आणखी एक पुरावा मिळेल.

आता पुढचं. डिसेंबर 2025 च्या मध्यापासून शुक्रात गुरूची अंतर्दशा सुरू झाली. ती ऑगस्ट 2028 पर्यंत आहे. महादशास्वामी विवाहकारक, अंतर्दशास्वामी सप्तमेश. वर्षांचा टप्पा यापेक्षा सरळ मिळत नाही. या 32 महिन्यांतले महिने गोचराने आणि विदशांनी, म्हणजे अंतर्दशेच्या पोटातल्या छोट्या दशांनी काढायचे.

2 जून 2026 ला गुरू कर्केत येतो. तिथून नवव्या दृष्टीने तो तुझ्या सप्तमाला पाहतो आणि सातव्या दृष्टीने सप्तमेशाला. स्थान आणि स्थानाचा स्वामी दोघांनाही एकाच वेळी पाहणाऱ्या राशी तुझ्या पत्रिकेत दोनच आहेत, कर्क आणि कन्या. शनी या वेळी मीनेत, म्हणजे सप्तमातच आहे. साधारण 29 वर्षांनी तो आपल्या जन्मस्थानी परत आला आहे. विदशा एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत शनीची, आणि अन्योन्य योगामुळे शनी काय देतो ते वर आलंच आहे. जून ते सप्टेंबर 2026 हा पहिला काळ मी धरते. त्यातही सप्टेंबरकडे लक्ष ठेव, कारण तेव्हा गोचर गुरू कर्केच्या 21 अंशांच्या आसपास असेल, तुझ्या जन्मगुरूच्या बरोबर समोर.

31 ऑक्टोबरला गुरू सिंहेत जातो, डिसेंबरात वक्री होतो आणि जानेवारी 2027 च्या अखेरीस परत कर्केत येतो. मधल्या काळात विदशा बुधाची आणि नंतर केतूची आहे. या महिन्यांत हालचाल थंडावली किंवा झालेली बोलणी लांबणीवर पडली तर घाबरून नकार कळवू नकोस. वक्री गुरू पुन्हा त्याच राशीत येतो तेव्हा अडकलेला विषय परत उघडतो, असं बऱ्याच पत्रिकांत दिसतं. एप्रिल 2027 च्या मध्यावर गुरू कर्केत 23 अंशांच्या आसपास मार्गी होतो, म्हणजे पुन्हा तुझ्या जन्मगुरूसमोर जवळजवळ थांबल्यासारखा. 7 एप्रिलच्या सुमारास विदशा शुक्राची लागते. शनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सप्तमात आहे. एप्रिल ते जून 2027 हा दुसरा काळ.

मला विचारशील तर जमण्याचा जोर पहिल्या काळात आणि प्रत्यक्ष विवाहाचा जोर दुसऱ्या काळात दिसतो. तुझ्या पत्रिकेतला शनी पाहता गोष्टी एका झटक्यात होण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने होतील असं वाटतं. त्याला आणखी एक कारण आहे. जन्मपत्रिकेत शुक्र चौथ्यात आणि गुरू पाचव्यात, म्हणजे महादशास्वामी आणि अंतर्दशास्वामी एकमेकांपासून दुसरे-बारावे आहेत. हे द्विर्द्वादश नातं मवाळ नसतं. त्यात देण्याघेण्यावरून, खर्चावरून किंवा राहायचं कुठे यावरून ओढाताण होते. हे मुद्दे साखरपुड्याआधीच बोलून घे, नंतरवर ठेवू नकोस.

गुरुजींचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गुरुबळ चंद्रराशीपासून पाहतात आणि ते मुहूर्तासाठी असतं. वधूला गुरुबळ, वराला रविबळ, दोघांना चंद्रबळ असा तो संकेत आहे. जन्मराशीपासून गुरू दुसरा, पाचवा, सातवा, नववा किंवा अकरावा असला तर शुभ मानतात. पहिला, तिसरा, सहावा, दहावा असला तर पूजा करून चालतो. चौथा, आठवा, बारावा असेल तर टाळतात. तुझी रास कर्क. जूनपर्यंत गुरू मिथुनेत, म्हणजे तुला बारावा आहे, तोवर गुरुजी नाही म्हणणारच. जूननंतर तो पहिला होतो आणि तोही उच्चीचा. त्या काळात पूजा करून मुहूर्त काढायला हरकत नसते, हे त्यांनाच विचारून बघ. योग कधी फळेल हे लग्नकुंडलीतून आणि दशेतून पाहायचं, आणि ठरलेल्या लग्नाचा दिवस काढताना गुरुबळ बघायचं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लावलं की घरात असे वाद होतात. एक व्यावहारिक गोष्ट: गुरू सिंहेत असताना मुहूर्तांबद्दल पंचांगकर्त्यांत मतभेद असतात, त्यामुळे दिवस ठरवताना तुमच्या घरी कोणतं पंचांग मानतात ते आधी पाहून घ्या.

दोन्ही काळ कोरडे गेले तर? ऑगस्ट 2028 नंतर शुक्रात शनीची अंतर्दशा लागते आणि ती 2031 च्या ऑक्टोबरपर्यंत आहे. हा शनी सप्तमातला आहे, म्हणून ती अंतर्दशाही विवाहाचीच. 2028 च्या उत्तरार्धात गुरू कन्येतून पुन्हा सप्तमाला आणि सप्तमेशाला पाहील, शनी मेषेतून दहाव्या दृष्टीने सप्तमेशाला पाहील. म्हणजे 2027 ही काही शेवटची गाडी नाही, आणि तसं सांगून कोणी घाईने होकार द्यायला लावत असेल तर त्याचं ऐकू नकोस.

या रीतीची मर्यादाही स्पष्ट सांगते. घडून गेलेल्या गोष्टींना दशा-गोचर लावणं सोपं असतं, 2022 चं मी वर लावून दाखवलं तसं. बारा वर्षांत इतके संबंध तयार होतात की काही ना काही जुळतंच. ही परंपरेने घडवलेली गणिती रीत आहे, प्रयोगाने सिद्ध झालेलं विज्ञान नाही. म्हणून मी तुला दिवस दिलेला नाही, महिन्यांचे दोन टप्पे दिले. ते लिहून ठेव आणि घडेल ते त्यांच्याशी प्रामाणिकपणे ताडून बघ. टप्प्याबाहेर एखादं चांगलं स्थळ आलं, माणूस मनाला पटला, तर अंतर्दशा-विदशा विचारत बसू नकोस. आणि जून ते सप्टेंबरात आलं म्हणून न पटणारं स्थळ स्वीकारू नकोस.

सध्या तुझ्याकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत: रुग्णालयाच्या नोंदीतली जन्माची नेमकी वेळ आणि साखरपुड्याखेरीज आयुष्यातल्या दोन घटनांच्या तारखा. त्या आल्या की अंतर्दशेचा सांधा डिसेंबरच्या मध्यावरच आहे की महिनाभर इकडेतिकडे, ते तपासता येईल. तो सरकला तर विदशाही सरकतील, आणि पहिला काळ सप्टेंबरपर्यंत जातो की ऑगस्टातच संपतो हेही त्यावर ठरेल.